ऐकले दोघांनी, सही तिघांची

निकालपत्राची प्रत हातात पडते. खाली तीन सह्या, तीन शिक्के. पण साक्षी झाल्या त्या दिवशी समोर दोघेच बसले होते आणि तिसरी खुर्ची रिकामी होती, हे ज्याचे प्रकरण होते त्याला पक्के आठवत असते. हा अनुभव दुर्मीळ नाही. कार्यालयातली चौकशी समिती असो, कॉलेजची शिस्तपालन समिती असो की एखादे मंडळ, सदस्य कामाची माणसे असतात आणि तारखा चुकतात. सुनावण्या ऑनलाइन होऊ लागल्यापासून त्यात नवीच गंमत आली आहे. पडद्यावर सदस्याचे नाव दिसते, कॅमेरा बंद असतो, आणि पलीकडे माणूस आहे की नाही हे कळायला मार्ग नसतो.

मग विचारले जाते, असा निकाल टिकतो का? उत्तर बहुतेकांना वाटते त्यापेक्षा कडक आहे. मात्र ते सगळीकडे एकसारखे नाही.

## आधी ठरवू, कोणत्या निर्णयाबद्दल बोलतोय

मंडळे आणि समित्या दोन तऱ्हेचे निर्णय घेतात. रस्ता कुठून न्यायचा, पाणीपट्टी किती ठेवायची, कुठल्या ठेकेदाराला काम द्यायचे, हे कारभाराचे निर्णय. त्यात सदस्याने मागच्या तीन बैठका बुडवल्या आणि चौथीला येऊन हात वर केला, तरी कायद्याला त्याचे फारसे काही वाटत नाही. मतदार काय म्हणतील ते म्हणोत.

दुसऱ्या तऱ्हेत एका ठराविक माणसाचे काहीतरी पणाला लागलेले असते. नोकरी, परवाना, सदस्यत्व, पगार, अब्रू. त्याला आधी आपली बाजू मांडू द्यायची आणि मगच ठरवायचे, असे कायदा किंवा नियम सांगतो. या बाजू मांडू देण्यालाच सुनावणी म्हणतात. हा लेख फक्त या दुसऱ्या तऱ्हेबद्दल आहे.

एकांकिका स्पर्धेतल्या तीन परीक्षकांचे पाहा. एक जण तिसऱ्या एकांकिकेच्या वेळी चहाला गेला. परतल्यावर त्याने शेजारच्याच्या कागदावरचे टिपण वाचले आणि त्यावरून गुण दिले. गुण कदाचित बरोबरही असतील. पण ते त्याचे नाहीत, शेजारच्याचे आहेत आणि दोनदा मोजले गेले आहेत. तीन परीक्षकांची स्पर्धा तेवढ्यापुरती दोघांची झाली, आणि फलकावर मात्र नावे तिघांची राहिली.

## बँक कर्मचाऱ्यांचा निवाडा कसा कोसळला

आपल्याकडे या प्रश्नाचा सगळ्यात मोठा खटला बँक कर्मचाऱ्यांच्या पगाराचा. बँकांतल्या जुन्या माणसांच्या तोंडी आजही ‘शास्त्री अवॉर्ड’ हे नाव असते. त्याआधी एक ‘सेन अवॉर्ड’ होऊन गेला होता, आणि तो पगाराच्या आकड्यांवरून नव्हे तर एका रिकाम्या खुर्चीवरून रद्द झाला, हे मात्र फारसे कोणाला आठवत नाही.

जून 1949 मध्ये केंद्र सरकारने बँका आणि त्यांचे कर्मचारी यांच्यातले तंटे सोडवायला तीन सदस्यांचे औद्योगिक न्यायाधिकरण नेमले. के. सी. सेन त्याचे अध्यक्ष होते. ऑगस्टमध्ये एक सदस्य बदलला आणि त्या जागी एन. चंद्रशेखर अय्यर आले. इथपर्यंत सगळे अधिसूचना काढून, रीतसर झाले. मग 23 नोव्हेंबर 1949 पासून अय्यर यांना भारत-पाकिस्तान सीमातंट्याच्या न्यायाधिकरणाचे काम मिळाले. ते तिकडे गेले आणि 20 फेब्रुवारी 1950 ला परतले. मधल्या तीन महिन्यांत उरलेल्या दोघांनी काम थांबवले नाही. ते ऐकत राहिले, नोंदी घेत राहिले आणि काही गोष्टींवर निर्णयही देत राहिले. अय्यर परत आल्यावर तिघे पुन्हा एकत्र बसले आणि जुलै 1950 अखेर तिघांच्या सह्यांनी निवाडा झाला.

बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. एप्रिल 1951 मध्ये बहुमताचा निकाल आला की निवाडा मुळातच बेकायदा आहे. सरन्यायाधीश कानिया यांच्या निकालातला युक्तिवाद एखाद्या चांगल्या वकिलाच्या उलटतपासणीसारखा आहे, दोन्हीकडून दार बंद करणारा. अय्यर त्या तीन महिन्यांत सदस्य होते, असे म्हणता का? मग न्यायाधिकरण तिघांचे होते आणि दोघांना एकटे बसून ऐकायचा अधिकार नव्हता. ते सदस्य नव्हते, असे म्हणता का? मग ती जागा रिकामी झाली होती, आणि फेब्रुवारीत ते नवी अधिसूचना न काढता परत येऊन बसले कसे? कुठूनही गेलात तरी निवाडा देणारे तिघे म्हणजे कायद्याने नेमलेले आणि सारे ऐकलेले तिघे, असे म्हणता येत नव्हते.

यातली एक बारीक गोष्ट वकिलांनी लगेच टिपली. औद्योगिक विवाद कायद्यात समेट घडवणाऱ्या मंडळासाठी स्पष्ट लिहिले होते की ठरलेली संख्या हजर असेल तर कोणी गैरहजर असताना किंवा जागा रिकामी असतानाही मंडळ काम करू शकेल. न्यायाधिकरणासाठी मात्र तशी ओळ नव्हती. एकाच कायद्यात एका संस्थेला सवलत दिली आणि दुसरीला दिली नाही, तर ती नजरचूक आहे असे न्यायालय सहसा मानत नाही.

निकाल एकमताचा नव्हता, आणि मतभेद नोंदवणाऱ्यांच्या म्हणण्याला वजन होते असे मला वाटते. एवढ्या मोठ्या कामात एक सदस्य काही काळ दुसरीकडे गेला, कोणाचे ठोस नुकसान दाखवता आले नाही, आणि तेवढ्यासाठी देशभरच्या बँक कर्मचाऱ्यांचा निवाडा उडवायचा? किंमत मोठी होतीच. संसदेला तात्पुरता कायदा करावा लागला, नवे न्यायाधिकरण नेमावे लागले, आणि शास्त्री अवॉर्ड यायला 1953 उजाडले. एका अधिसूचनेने वाचले असते ते सगळे.

## ‘कागद वाचून मत दिले, मग बिघडले कुठे?’

ही पहिली हरकत, आणि ती चांगली आहे. साक्षी लिहून घेतलेल्या असतात. गैरहजर सदस्य त्या वाचू शकतो, कदाचित हजर असलेल्यापेक्षा जास्त लक्षपूर्वक.

सर्वोच्च न्यायालयाने 1958 मध्ये आंध्रातल्या एका प्रकरणात याचे उत्तर दिले. कृष्णा जिल्ह्यातली बससेवा सरकार ताब्यात घेणार होते आणि खाजगी बसमालकांनी हरकती घेतल्या. त्या हरकती ऐकल्या खात्याच्या सचिवांनी, आणि निर्णय झाला मुख्यमंत्र्यांच्या पातळीवर. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी बहुमताच्या निकालात म्हटले की एकाने ऐकायचे आणि दुसऱ्याने ठरवायचे, तर प्रत्यक्ष सुनावणी पोकळ उपचार बनते. कारणे त्यांनी दोन दिली. साक्षीदार बोलताना कसा वागतो हे समोर बसलेल्यालाच दिसते आणि शंका तिथल्या तिथे विचारून घेता येते. आणि दुसरे, बाजू मांडणाऱ्यालाही, ज्याच्या हातात निर्णय आहे त्याचे मन वळवायची संधी मिळायला हवी.

हे दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते आणि त्याकडे दुर्लक्षही जास्त होते. सुनावणी म्हणजे नुसती माहिती गोळा करणे नव्हे. समोरचा सदस्य कपाळाला आठ्या घालतो तेव्हा वकिलाला कळते की हा मुद्दा पटलेला नाही, आणि तो आणखी पाच मिनिटे त्यावर खर्च करतो. घरी बसून नोंदी वाचणाऱ्याच्या आठ्या कोणालाच दिसत नाहीत.

तरीही कागद वाचून निर्णय देणे प्रत्येक वेळी चूक ठरत नाही. दिवाणी न्यायालयात न्यायाधीशांची बदली झाली, तर आधीच्या न्यायाधीशांनी नोंदवलेल्या पुराव्यावरून नवे न्यायाधीश खटला पुढे चालवतात. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 18 मधला नियम 15 तशी परवानगी देतो. अंतिम युक्तिवाद मात्र निकाल देणाऱ्यासमोरच व्हावे लागतात. म्हणजे कायद्याने दार उघडे ठेवले असेल तर त्यातून जाता येते. समितीने आपल्या सोयीने नवे दार पाडायचे नसते.

## ‘त्याचे मत वजा केले तरी निकाल तोच राहतो’

दुसरी हरकत हिशेबाची. समजा पाचपैकी चौघांनी दोषी म्हटले आणि त्या चौघांतला एक सुनावणीला नव्हता. त्याला वगळले तरी तीन विरुद्ध एक. मग फरक काय पडतो?

इंग्लंडमधल्या हंटिंग्डनच्या एका प्रकरणात हाच हिशेब मांडून पाहता येतो. परवाने कायम करणाऱ्या समितीला एका हॉटेलच्या मद्यपरवान्यावर शिक्कामोर्तब करायचे होते. 25 एप्रिलच्या बैठकीत शपथेवर साक्षी झाल्या. 16 मेच्या बैठकीत मतदान झाले, आणि त्यात असे तीन सदस्य होते जे एप्रिलच्या बैठकीला नव्हते. ठराव 8 विरुद्ध 2 असा मंजूर झाला. हे तिघे आठांतलेच होते असे धरले तरी त्यांना काढून 5 विरुद्ध 2 उरतात. बहुमत शाबूत आहे. तरीही 1929 मध्ये अपील न्यायालयाने तो निर्णय टिकू दिला नाही.

कारण न्यायाधीश रोमर यांनी एका वाक्यात सांगितले, आणि ते मला आजवर वाचलेल्यांतले सगळ्यात नेमके वाटते. ज्यांना वस्तुस्थिती अजिबात माहीत नव्हती अशा सदस्यांच्या वक्तृत्वामुळेच बाकीचे तसे मत द्यायला प्रवृत्त झाले असणे निदान शक्य तरी आहे, असे त्यांचे म्हणणे. समितीत बसलेल्या कोणालाही हे पटेल. हात वर करण्याआधी अर्धा तास चर्चा झालेली असते, आणि तीत सगळ्यात ठासून बोलणारा कोण असतो? पुष्कळदा तोच, ज्याने साक्षीतल्या अडचणी ऐकलेल्या नसतात. मतमोजणीत त्याचे एक मत वजा करता येते, पण त्याने चर्चेत घातलेली भर वजा कशी करणार?

म्हणून गैरहजर सदस्याने मत दिले नाही, एवढे पुरत नाही. अंतिम चर्चेच्या वेळी त्याने खोलीतही नसावे.

## ‘पण कोरम पूर्ण होता ना?’

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. कोरम, म्हणजे गणपूर्ती, एवढेच सांगते की किती जण हजर असले म्हणजे समितीला काम चालवता येईल. उरलेल्यांनी न ऐकता मत द्यावे, असा परवाना ती देत नाही.

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारी पाहणाऱ्या अंतर्गत समितीचे उदाहरण घ्या. 2013 च्या नियमांप्रमाणे चौकशी चालवताना अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हजर हवेत. समजा समिती पाच जणांची आहे आणि तक्रारदाराची साक्ष तिघांसमोर झाली. सुनावणी नियमाप्रमाणे झाली, यात शंका नाही. आता अहवाल लिहिताना पाचही जण बसले आणि पाचांनी सह्या केल्या. इथे कोरमचा नियम मोडलेला नाही, पण दोन सह्या अशा आहेत ज्यांच्यामागे ऐकणे नाही. त्या दोघांनी अहवालापासून दूर राहायला हवे होते. मनुष्यबळ विभागाला पाच सह्या भारदस्त वाटतात. उलटतपासणीत त्यातल्या दोन सह्याच अहवालाचे ओझे होतात.

याच्या उलट गाठ अशीही बसते. पहिली साक्ष अ, ब, क यांनी ऐकली आणि दुसरी अ, ड, इ यांनी. प्रत्येक दिवशी तिघे होते, कोरम दर वेळी पूर्ण. पण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलेला माणूस एकच, अ. अहवाल आता द्यायचा कोणी? रोज कोरम जुळवत राहिलेली समिती शेवटी अशा जागी येऊन पोहोचते, आणि ते तिच्या लक्षात सहसा अहवालाच्या मसुद्याच्या वेळीच येते.

ग्राहक आयोगांसाठी 2019 च्या कायद्याने ही गाठ आधीच सोडवून ठेवली आहे. जिल्हा आयोगात अध्यक्ष आणि किमान एक सदस्य एकत्र बसून काम चालवतात. एखादा सदस्य मध्येच पुढे काम करू शकला नाही, तर अध्यक्ष आणि दुसरा सदस्य ते जिथे थांबले होते तिथून पुढे नेतात, असे कलम 36 सांगते. सेन न्यायाधिकरणाच्या वेळी कायद्यात अशी ओळ असती तर गोष्ट निराळी झाली असती.

सहकारी संस्थेतून सदस्याला काढून टाकण्याबाबत महाराष्ट्राच्या 1960 च्या कायद्याने आणखी सरळ वाट काढली. सदस्याने आपली बाजू सर्वसाधारण सभेपुढे मांडायची, आणि त्या सभेत हजर असलेल्या, मताधिकार असलेल्या सदस्यांपैकी किमान तीन चतुर्थांशांनी ठराव करायचा. ऐकणारे आणि मत देणारे एकाच मांडवाखाली बसतात. त्यानंतरही निबंधकांची मंजुरी लागतेच.

## ‘उपसमितीने ऐकले आणि मंडळाने ठरवले तर?’

मोठ्या संस्थांत हे रोजचे आहे. वीस जणांचे मंडळ दहा साक्षीदार ऐकत बसू शकत नाही, म्हणून तिघांची उपसमिती नेमतात. ती ऐकते, अहवाल देते, मंडळ ठराव करते. हे सरसकट बेकायदा ठरवले तर कारभारच थांबेल.

न्यूझीलंडच्या दुग्ध मंडळाचे प्रकरण 1966 मध्ये तिथली शेवटची अपिले तेव्हा ऐकणाऱ्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे गेले, तेव्हा रेषा कुठे ओढायची ते दिसले. मंडळाने नेमलेल्या समितीने सुनावणी घेतली आणि शिफारशी केल्या, मंडळाने त्या मान्य केल्या. अडचण अशी की साक्षीत कोण काय म्हणाले हे समितीच्या अहवालात नव्हतेच. मंडळापुढे निष्कर्ष आले, पुरावा आला नाही. निर्णय रद्द झाला. प्रिव्ही कौन्सिलने हेही सांगितले की पुरावा ऐकायला मंडळ दुसऱ्या कोणाला नेमू शकते, आणि काही वेळा त्याचा चांगला सारांशही चालू शकतो. पण निर्णय घेणाऱ्यापुढे पुरावा पोहोचला पाहिजे.

आपल्याकडे सनदी लेखापालांच्या संस्थेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय 1986 मध्ये याच्याही पुढे गेले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातून आले होते. शिस्तपालन समिती चौकशी करी आणि सदस्य दोषी आहे की नाही हे परिषद ठरवी. न्यायालय म्हणाले की दोषी ठरवणारी परिषद आहे, तर तिनेही समितीच्या अहवालाबद्दल त्या सदस्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. आणि समितीत बसून मत बनवलेल्यांनी परिषदेच्या त्या बैठकीत भाग घेऊ नये. म्हणजे न ऐकलेल्याने मत द्यायचे नाही, तसेच खालच्या पायरीवर ऐकून आधीच मत बनवलेल्याने वरच्या पायरीवर पुन्हा मत द्यायचे नाही. पहिल्यांदा वाचताना हे उलटसुलट वाटते, पण दोन्ही पायऱ्या वेगळ्या आहेत हे लक्षात घेतले की जुळते.

## ‘तेव्हा कोणी हरकत घेतली नव्हती’

सेन न्यायाधिकरणाच्या खटल्यातही हा मुद्दा होता. न्यायमूर्ती महाजन यांनी तो फेटाळला. ज्या संस्थेला कायद्याने ठराविकच अधिकार दिले आहेत, तिला नसलेला अधिकार पक्षकारांच्या मूक संमतीने मिळत नाही.

पण यावर फार विसंबू नये. तिथे न्यायाधिकरणाची रचनाच चुकली होती. खाजगी संस्थेच्या किंवा कार्यालयाच्या समितीत गैरहजेरी तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होती, तुम्ही गप्प राहिलात, निकाल विरुद्ध गेल्यावर आठवण झाली, असे दिसले तर न्यायालय नाराज होऊ शकते. आणि ते समजण्यासारखे आहे.

## कागदावरून कसे ओळखायचे

दोन कागद शेजारी ठेवायचे. एक, प्रत्येक तारखेचा रोजनामा किंवा इतिवृत्त, ज्यात हजर सदस्यांची नावे असतात. दुसरा, निकालपत्र आणि त्यावरच्या सह्या. तारखांच्या रांगा आणि सदस्यांचे स्तंभ असा साधा तक्ता केला की रिकाम्या चौकटी दिसतात. ज्या तारखेला साक्ष किंवा अंतिम युक्तिवाद झाला त्या तारखेची रिकामी चौकट महत्त्वाची. नुसती पुढची तारीख दिली गेली त्या दिवशीची गैरहजेरी सहसा निरुपद्रवी असते. सरकारी संस्था असेल तर रोजनाम्याची नक्कल किंवा माहिती अधिकारातून प्रत मागता येते. रोजनाम्यात नावे न लिहिता ‘समिती उपस्थित’ एवढेच लिहिले असेल, तर त्याच दिवशी नावे लिहून घेण्याचा आग्रह धरावा. नंतर ते सिद्ध करणे अवघड जाते.

ऑनलाइन सुनावणीत कॅमेरा सुरू ठेवायची विनंती करून ती रोजनाम्यात लिहून घेता येते. पडद्यावरून नीट ऐकणारा, प्रश्न विचारू शकणारा सदस्य माझ्या मते हजरच धरावा. नंतर ध्वनिचित्रफीत पाहणाऱ्याचे काय, यावर वाद होऊ शकतो, कारण त्याला मध्येच थांबवून प्रश्न विचारता येत नाही.

समितीत बसणाऱ्यांपुढे चुकीची जाणीव होईल तेव्हा दोन वाटा असतात. त्या सदस्याविना कोरम उरत असेल तर तो बाजूला होतो, आणि निकालपत्रात लिहायचे असते की अमुक सदस्य अमुक तारखेच्या सुनावणीला नसल्याने त्यांनी चर्चेत व निर्णयात भाग घेतला नाही. कोरम उरत नसेल तर तेवढी साक्ष किंवा तेवढा युक्तिवाद पुन्हा घ्यायचा, दोन्ही बाजूंना नोटीस देऊन. साक्षीदाराला पुन्हा बोलावणे नकोसे वाटते, विशेषतः छळाच्या तक्रारीत, जिथे तक्रारदाराला तेच सगळे दुसऱ्यांदा सांगावे लागते. म्हणून अशा समितीने पहिल्या साक्षीच्या आधीच, शेवटपर्यंत येऊ शकतील असे तीन-चार जण पक्के करून बाकीच्यांना त्या प्रकरणापुरते मोकळे करावे आणि तसा ठराव त्याच दिवशी इतिवृत्तात घ्यावा.